बादलीभर गरम पाणी: गॅस गीझर की इलेक्ट्रिक?

गॅस गीझर स्वस्त पडतो की इलेक्ट्रिक? एका बादलीला किती खर्च येतो?

वीज युनिटला १० रुपये आणि १४.२ किलोचा सिलिंडर ९०० रुपये धरला, तर बादली गॅसवर साधारण ३ रुपयांना पडते, विजेवर ५ रुपयांना. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला, टाकीतून वाया जाणारी उष्णता धरून, अर्धा युनिट लागतो. गॅस गीझरच्या पाटीवर बर्नरचा खप असतो. तो ताशी १ किलो असेल, तर एवढं पाणी पावणेतीन मिनिटांत निघतं, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम गॅस. (यात धुराबरोबर जाणारी वीसेक टक्के उष्णता धरली आहे.) मात्र विजेचा दर तुमच्या शेवटच्या स्लॅबचा घ्या, वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून. तो पावणेसहा रुपयांच्या खाली असेल तर वीजच स्वस्त.