दहावीच्या पालकांना पत्र: 'दडपण आणू नका' याच्या पुढे काय लिहायचं

प्रश्न: मी नाशिकला दहावीची वर्गशिक्षिका आहे. सराव परीक्षेचे पेपर हातात दिल्यापासून वर्गातली काही मुलं एकदम गप्प झालीयेत. हॉल तिकीट वाटपाच्या वेळी पालकांना परीक्षेच्या ताणाबद्दल पत्र द्यायचं आहे. पण दरवर्षीचं 'मुलांवर दडपण आणू नका' छापाचं नको. नेमकं काय लिहू?

उत्तर:

मॅडम, 'दडपण आणू नका' हे वाक्य वाचून प्रत्येक पालक मान डोलावतो, कारण आपण दडपण आणतो असं कुणालाच वाटत नाही. आई म्हणते, मी तर फक्त दूध नेऊन देते आणि किती झालं ते विचारते. वडील म्हणतात, मी तर काहीच बोलत नाही. म्हणून पत्रात वृत्तीबद्दल लिहू नका, वेळांबद्दल लिहा. पेपर सुटल्यानंतरचा पहिला तास, रात्रीची झोप आणि काळजी कधी करायची, एवढ्या तीनच गोष्टी घ्या. बाकी सगळं गाळलं तरी चालेल.

पहिली गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित आहे. आपल्याकडे गणिताचे दोन पेपर वेगवेगळ्या दिवशी असतात, बीजगणित आणि भूमिती, चाळीस-चाळीस गुणांचे. माझ्या वर्गातल्या एका मुलीचं सांगतो. बीजगणिताचा पेपर १ वाजून १० मिनिटांनी सुटला. वडील गेटवरच उभे होते, त्यांनी प्रश्नपत्रिका हातात घेतली. गाडीवर बसायच्या आधीच पहिल्या प्रश्नापासून उत्तरं जुळवणं सुरू झालं. घरी मामांचा फोन, मग क्लासच्या ग्रुपवर आलेली उत्तरपत्रिका. संध्याकाळपर्यंत घराने ठरवून टाकलं की दहा गुण गेले. त्या रात्री ती झोपली नाही आणि दुसऱ्या दिवशीही पुस्तक उघडून बसली ते बीजगणिताचंच. सरावात भूमिती तिचा हक्काचा पेपर होता. त्यात ती प्रमेयाची सिद्धता अर्धी लिहून थांबली. बीजगणितात गेले त्याहून जास्त गुण भूमितीत गेले, आणि हे दुसरं नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगं होतं.

पालकांना हे पटतं ते आकड्यांनी. राज्य मंडळाच्या दहावीत सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, पाचशेपैकी टक्केवारी काढतात. हे बहुतेकांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ त्या दुपारी कुणाला आठवत नाही. समजा एखाद्या मुलाला मराठीत ८४, संस्कृतमध्ये ९२, इंग्रजीत ७८, विज्ञानात ७५, सामाजिक शास्त्रांत ८६ आणि गणितात ५२ मिळाले. वरच्या पाच विषयांची बेरीज ४१५, म्हणजे ८३ टक्के. गणितात ते दहा गुण गेले नसते, ६२ पडले असते, तरी टक्केवारी ८३च. गणित ७५च्या वर गेलं असतं तरच फरक पडला असता. ज्या दहा गुणांसाठी घरात सुतक पाळलं जातं, ते कित्येकदा टक्केवारीत धरलेही जात नाहीत. पत्रात ही बेरीज करून दाखवा. मात्र गणिताकडे दुर्लक्ष करा असा अर्थ कुणी काढू नये, म्हणून हे फक्त झालेल्या पेपरबद्दल आहे हे स्पष्ट लिहा. जी मुलं पास-नापासाच्या सीमेवर आहेत, त्यांच्या पालकांना पुरवणी परीक्षा असते आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीने अकरावीला जाता येतं, हे वेगळं बोलावून सांगा. ते पत्रात घातलं तर कुणासाठी लिहिलंय हे वर्गाला लगेच कळतं.

झोपेचं दुसरं. आपल्याकडे पहाटे उठून केलेला अभ्यास लक्षात राहतो, ही श्रद्धा घट्ट आहे. मूल दहाला झोपत असेल तर खुशाल उठू दे. पण या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं, पंधरा-सोळाव्या वर्षी रात्री अकराच्या आधी झोप येणंच अवघड जातं. मग बाराला झोपलेल्या मुलाला चारला उठवलं की उरते चार तासांची झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच, त्यामुळे झोप कापून वाढवलेला अभ्यास बराचसा वाया जातो. चिडचिड, डोकेदुखी आणि ऐन पेपरात सगळं कोरं होणं यांचं मूळ पुष्कळदा इथेच सापडतं.

तिसरी गोष्ट लिहायला शिक्षक बिचकतात. तुम्ही बिचकू नका. साधा ताण पेपर झाला की उतरतो, मूल जेवतं, मित्रांशी बोलतं. काळजीचा ताण उतरत नाही. या वयातली उदासी रडण्यातून दिसेलच असं नाही, बऱ्याचदा ती संतापातून दिसते, आणि घरचे त्याला उर्मटपणा समजतात. जेवण सुटणं, अंथरुणात पडूनही झोप न लागणं, जिवलग मित्राचा फोनही न घेणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, 'मी नसलो तर तुमचा खर्च तरी वाचेल' असं बोलणं, यातलं काही दिसलं तर थेट विचारायचं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, हा समज चुकीचा आहे. उलट विचारणारं कुणी भेटलं की मूल बोलतं.

आणि एक ओळ आपल्या जिल्ह्यासाठी खास. परीक्षा येते ती ऐन द्राक्षाच्या हंगामात. निफाड, दिंडोरीकडच्या मुलांच्या घरी तेव्हा माल उतरत असतो, व्यापारी भाव पाडत असतो, वडील दिवसभर बागेत आणि रात्री हिशेबात. मुलाला ते सगळं ऐकू जातं आणि आपले गुण हीच आता घराची आशा, असं ते मनाशी धरून बसतं. त्याच घराच्या पडवीत फवारणीची औषधं उघड्यावर असतात. अशा वेळी आलेली टोकाची लाट बऱ्याचदा थोड्या वेळाची असते, आणि त्या वेळेत घातक वस्तू हाताशी नसणं यानेच जीव वाचतात. कुलूप लावायला सांगणं म्हणजे घाबरवणं नव्हे. शहरातल्या घरांत हीच गोष्ट आजी-आजोबांच्या गोळ्यांना लागू आहे.

मी देतो तो मसुदा असा, तुमच्या शब्दांत बदलून घ्या:

> सप्रेम नमस्कार.
>
> बोर्डाची परीक्षा जवळ आली आहे. अभ्यास कसा करायचा ते आम्ही मुलांशी बोललो आहोत. तुमच्याकडून घरात काही गोष्टी हव्या आहेत.
>
> पेपर सुटल्यावर प्रश्नपत्रिका मागू नका. 'भूक लागली का' एवढंच विचारा. उत्तरं जुळवणं शेवटच्या पेपरनंतर. नातेवाइकांचे फोन त्या दिवसांत तुम्ही घ्या, मुलाच्या हातात देऊ नका. मूल आपणहून पेपरबद्दल बोललं तर पूर्ण ऐका, मध्ये गुणांचा हिशेब करू नका.
>
> पेपरच्या आदल्या रात्री अकरापर्यंत दिवा बंद होऊ द्या. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, घरातल्या सगळ्यांचा. सकाळी नेहमीचंच जेवण द्या आणि साडेदहापर्यंत केंद्रावर पोचेल असं निघा.
>
> नवस बोलला असाल तर तो तुमच्यात आणि देवात राहू द्या. मुलाला आकडा सांगू नका.
>
> मूल सलग काही दिवस जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशीच बोलत नसेल किंवा जगण्याला कंटाळल्यासारखं बोललं, तर 'असं काही बोलायचं नाही' म्हणून विषय बंद करू नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मलाही कळवा, रात्री फोन केलात तरी चालेल.
>
> शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या परीक्षा ते निकाल या काळात कुलपात ठेवा. हे आम्ही प्रत्येक घराला सांगत आहोत.
>
> आपली, वर्गशिक्षिका

बेस्ट ऑफ फाइव्हची बेरीज मी मसुद्यात घातलेली नाही, ती पालकसभेत फळ्यावर करून दाखवतो. तिथे पालक स्वतःच आपापल्या मुलाचे सरावातले गुण मांडून बघतात आणि खोलीतला आवाज बदलतो. तुमच्याकडे सभा होणार नसेल तर पत्राच्या मागच्या बाजूला छापा.

शेवटच्या परिच्छेदातलं 'प्रत्येक घराला' हे गाळू नका. ते नसेल तर ज्याच्या घरी खरंच काही चाललंय, त्याला आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतं आणि तो पत्र बाजूला टाकतो.

पत्र कागदावर, बंद पाकिटात, पालकाच्या हातात द्या. मुलाच्या दप्तरातून पाठवू नका. आणि ज्या ग्रुपवर सरावाचे गुण टाकले जातात, तिथे तर नकोच, कारण लोक तो आता फक्त तुलनेसाठी उघडतात. त्याच पत्रात गणवेश, राहिलेली फी किंवा निरोप समारंभाची वर्गणी घालण्याचा मोह मुख्याध्यापकांना होईल. त्यासाठी वेगळी चिठ्ठी काढायला सांगा. फीची ओळ असलेलं पत्र पालक फीचं पत्र म्हणूनच वाचतात.

जी मुलं गप्प झाली आहेत म्हणालात, त्यांच्यासाठी मात्र हॉल तिकीट वाटपाची वाट बघू नका. या आठवड्यातच मधल्या सुट्टीत एकेकाला बाजूला घेऊन बोला, सरावाचा पेपर समोर न ठेवता. दोघं-तिघं 'काही नाही, मॅडम' म्हणतील. त्यांना दोन दिवसांनी पुन्हा विचारा. एखाद्याचं बोलणं ऐकून पोटात खड्डा पडला, तर त्याच दिवशी आई-वडिलांना शाळेत बोलावून घ्या आणि ते येईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे जायला पालक संकोचतात, म्हणून पहिल्या वेळी शक्य असेल तर तुम्ही सोबत जा.