नाचणीची खीर: पाण्यातली आणि दुधातली

मुलगी १५ महिन्यांची आहे. रोज २ चमचे नाचणीचं पीठ पाण्यात शिजवून देते. वाटी संपवते, तरी वजन हलत नाही. दुधात आणि गुळात केलं तर असा काय फरक पडेल?

बराच पडेल, पण तो नाचणीमुळे नाही. पीठ तेवढंच राहतं, त्याच्या सोबत वाटीत काय जातं ते बदलतं.

२ सपाट मोठे चमचे म्हणजे साधारण २० ग्रॅम पीठ धरू. त्यात ६४ कॅलरी, दीड ग्रॅमच्या आत प्रथिनं, सुमारे १३ ग्रॅम कर्बोदकं आणि अर्धा ग्रॅमही भरणार नाही एवढी चरबी असते. हे पीठ २०० मिली पाण्यात शिजवलं आणि थोडी वाफ उडाली, की पातेल्यात साधारण १८० ग्रॅम पेज उरते. पाण्याला कॅलरी नसतात, त्यामुळे भरलेल्या वाटीत ६४ कॅलरीच असतात. तिला दिवसाला साधारण ९०० ते १००० कॅलरी लागतात, त्यात हा वाटा किती लहान आहे ते दिसतंच.

आता तेच २० ग्रॅम पीठ १५० मिली गाईचं दूध आणि ५० मिली पाण्यात शिजवलं आणि तुम्ही विचारलंत तसा १० ग्रॅम गूळ घातला असं धरू. २ वर्षांच्या आत तो न घालणंच बरं, ते पुढे येईल. दुधातून सुमारे ११० कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं आणि साडेसहा ग्रॅमच्या आसपास चरबी येते. गुळातून ३५ कॅलरी येतात आणि त्या सगळ्या गोडाच्या. सगळं मिळून साधारण २१० कॅलरी, साडेसहा ग्रॅम प्रथिनं, ७ ग्रॅम चरबी आणि २९ ग्रॅम कर्बोदकं होतात. खीर भरते १९० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वाटी जवळपास तेवढीच आणि कॅलरी तिपटीहून जास्त.

तुमच्या मुलीच्या बाबतीत मला हाच मुद्दा मोठा वाटतो. लहान मुलाचं पोट दर किलो वजनामागे साधारण ३० ग्रॅम अन्न घेतं. मूल ९ किलोचं असेल, तर एका वेळेला पाव किलोच्या थोडं पुढे गेलं की पोट भरतं. पाण्यातल्या पेजेत दर ग्रॅमला ०.३६ कॅलरी आहेत. लहान मुलांच्या जेवणात ही संख्या किमान ०.८ असावी अशी अपेक्षा असते. दुधातली खीर १.१ वर जाते. म्हणजे मुलगी कमी खात नाही, ती पाण्याने पोट भरते आहे.

प्रथिनांचीही गोष्ट आहे. नाचणीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि दुधात ते भरपूर असतं. त्यामुळे दुधाने प्रथिनांचं प्रमाण वाढतं आणि नाचणीच्या प्रथिनांतली उणीवही भरून निघते.

दूध चालत नसेल, तर पाण्यातल्या पेजेत १ छोटा चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तूप घाला. ४५ कॅलरी वाढतात आणि दर ग्रॅमच्या कॅलरी ०.६ पर्यंत जातात. प्रथिनं मात्र वाढत नाहीत, ती दिवसातल्या दुसऱ्या जेवणातून द्यावी लागतील. आणि महिनाभरात वजन अजिबात हललं नाही, तर वाढीचा तक्ता घेऊन बालरोगतज्ज्ञांना भेटाच. सगळा दोष पेजेवर टाकून मोकळं होऊ नका.

अ‍ॅपमध्ये नाचणीसमोर १०० ग्रॅमला ३२० कॅलरी दिसतात. मुलगा १५० ग्रॅम पेज खातो, म्हणजे ४८० ना?

नाही. ती संख्या कोरड्या पिठाची आहे आणि तुम्ही ती ओल्या पेजेला लावलीत. ही चूक इतकी नेहमीची आहे की वजन न वाढणाऱ्या मुलाची डायरी बघताना मी आधी तीच शोधते.

कच्चं पीठ, दूध आणि गूळ वेगवेगळे तोला आणि त्यांच्या कॅलरींची बेरीज करा. शिजल्यावर रिकाम्या पातेल्याचं वजन वजा करून तयार पदार्थ तोला. मग मुलाने जितका खाल्ला, त्या प्रमाणात भाग काढा. वरच्या पाण्यातल्या पेजेतली १५० ग्रॅम म्हणजे ६४ गुणिले १५० भागिले १८०, साधारण ५३ कॅलरी. तुमच्या अंदाजाच्या नवव्या भागाइतक्या. दुधातली तेवढीच खीर १६५ च्या आसपास जाईल.

म्हशीचं दूध वापरत असाल तर बेरीज पुन्हा करा, त्यात चरबी गाईच्या दुधाच्या जवळपास दीडपट असते. चमच्यांवर विसंबू नका. शीग लावून घेतलेल्या चमच्यात सपाटपेक्षा निम्मं जास्त पीठ सहज बसतं.

साखरेऐवजी गूळ घालते, लोह मिळतं म्हणून. किती चालेल?

१० ग्रॅम गुळातून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळतं, म्हणजे लोहासाठी त्याला महत्त्व देण्यासारखं काही नाही. शरीराच्या हिशोबात गूळ ही साखरच. २ वर्षांच्या आतल्या मुलाला वरून गोड न घालणं बरं. त्यानंतर, दिवसाला १००० कॅलरी खाणाऱ्या मुलासाठी वरच्या साखरेची आदर्श मर्यादा सुमारे १२ ग्रॅम. खिरीतल्या १० ग्रॅम गुळाने ती जवळपास संपते, मग त्या दिवशी बिस्किटाला जागा उरत नाही. मी निम्मा, ५ ग्रॅम गूळ सांगते. त्याने १७-१८ कॅलरीच कमी होतात, त्या अर्ध्या छोट्या चमच्या तुपाने भरून निघतात.

लोहाची खरी अडचण दुसरीच आहे. नाचणीतलं फायटेट लोहाला बांधून ठेवतं आणि दुधातलं कॅल्शियम लोहाच्या शोषणात अडथळा आणतं. म्हणून दुधातली खीर लोहासाठी मोजू नका. लोहाचं जेवण वेगळ्या वेळेला, दुधाशिवाय आणि लिंबू किंवा आंबट फळासोबत द्या. मोड आणून केलेल्या नाचणीच्या पिठात फायटेट कमी होतं. ती खीर पातळ राहते, त्यामुळे तेवढ्याच दुधात थोडं जास्त पीठ मावतं.

गूळ घातला की खीर फाटते. पोषण जातं का?

पूर्ण खाल्ली तर जात नाही. फक्त पाणी वेगळं होतं आणि प्रथिनांच्या गाठी होतात. पाणी ओतून दिलंत तर त्याबरोबर काही साखर आणि प्रथिनं जातील. गूळ थोडा आंबट असतो, उकळत्या दुधात पडला की केसिन गोळा होतं. पीठ शिजल्यावर गॅस बंद करा, बोट सोसवेल इतकं कोमट होऊ द्या आणि मग विरघळवून गाळलेला गूळ घाला. गूळ घातल्यावर पुन्हा उकळी आणू नका.

८ महिन्यांच्या बाळाला दुधात करून देऊ का?

गूळ नको. वर्षाच्या आत आईच्या दुधाची किंवा फॉर्म्युलाची जागा गाईच्या दुधाने घेऊ नये. स्वयंपाकात थोडं चालतं. मला विचाराल तर नाचणी पाण्यात घट्ट शिजवा, कोमट झाल्यावर बाळ पितं ते दूध मिसळा आणि अर्धा छोटा चमचा तूप घाला. आईचं दूध घातल्यावर खीर काही मिनिटांत सैल होते, त्याला घाबरू नका. त्या दुधातलं अमायलेज पिठातला स्टार्च तोडतं. म्हणून आधी चमच्याला चिकटून राहील इतकी घट्ट करा आणि दूध भरवायच्या अगदी आधी घाला.