खिडकीवरची रांग पाहून फसू नकोस

ओपीडीत नव्याने काम पाहतोयस, तर आधी केसपेपरच्या खिडकीवरची गर्दी विसर. सकाळी नऊला सगळे एकदमच येतात, म्हणून तिथे रांग दिसणारच. खरी अडचण कुठे आहे ते घड्याळ लावून बघ.

आमच्याकडे दोन खिडक्या होत्या आणि एका पेपरला दोन मिनिटं, म्हणजे तासाला ६० पेशंट. आत दोन डॉक्टर, प्रत्येक पेशंटला सहा मिनिटं, म्हणजे तासाला २०. आम्ही शहाण्यासारखी तिसरी खिडकी उघडली आणि रांग फक्त डॉक्टरांच्या दारातल्या बाकावर सरकली!

मग डॉक्टरांशेजारी बसून पाहिलं. सहापैकी दोन मिनिटं जुने रिपोर्ट शोधण्यात आणि बीपी घेण्यात जात होती. ते काम बाहेर सिस्टरांकडे दिलं, रिपोर्ट नसलेल्याला आधी लॅबकडे पाठवलं. चार मिनिटांवर आलो, तासाला ३० झाले. नवा डॉक्टर मागायची गरजच पडली नाही.

पण आता औषधाच्या खिडकीवर बघ. एकटा फार्मासिस्ट तासाला २४ जणांनाच औषधं देऊ शकतो. पुढचं घड्याळ तिथे लाव.