तोट्यात विकलेल्या शेअरचा ईमेल

प्रश्न: मी सल्लागार आहे. मीच सुचवलेला शेअर क्लायंटच्या संमतीने तोट्यात विकला. आता ईमेलमध्ये काय लिहू?

उत्तर: पहिल्याच ओळीत आकडा लिहा. '८४० रुपयांनी घेतलेले २०० शेअर ६१० ला विकले, तोटा ४६,००० रुपये.' बाजाराच्या घसरणीचं पुराण लावू नका, क्लायंट ते लगेच ओळखतो.

मग घेताना काय गृहीत धरलं होतं आणि त्यातलं काय मोडलं, ते सांगा. समजा, प्रवर्तकांनी कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर १२ टक्क्यांवरून ४१ वर गेले. तिमाही शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये ते दिसतं, तेच पान जोडा. भाव आणखी पडला तर कर्ज देणारा तारण विकतो आणि घसरण वाढते, म्हणून थांबलो नाही. तुम्हाला हे एक तिमाही उशिरा दिसलं असेल, तर तेही लिहा.

शेवटी कराबद्दल लिहा. लिस्टेड शेअर १२ महिन्यांच्या आत विकला असेल तर तोटा अल्पकालीन, म्हणून अल्पकालीन आणि दीर्घकालीन दोन्ही भांडवली नफ्यांतून वजा होतो. उरलेला ८ वर्षं पुढे नेता येतो, पण रिटर्न मुदतीत भरलं तरच. 'पुढच्या शेअरमध्ये भरून काढू' हे वाक्य मात्र खोडाच.