सोमवारचा रिपोर्ट आणि २७० किलो

“ताई, दर सोमवारी अकराच्या आत रिपोर्ट पाठवायचा असतो. रविवारी रात्री तीन-तीनदा बेरजा करते, तरी पाठवताना हात थरथरतो. कुठेतरी चूक राहिलीच असेल असं वाटतं. माझा स्वभावच असा आहे का?”

हर्णैकडची ही मुलगी एका मच्छीमार सोसायटीत कारकून आहे. लिलावाची वही, बर्फाच्या पावत्या आणि डिझेलचं रजिस्टर तीन वेगवेगळ्या माणसांकडून येतं, तेही बहुतेकदा व्हॉट्सॲपवर, तिरक्या काढलेल्या फोटोंत. स्वभावाचं नंतर बघू, म्हटलं, आधी परत आलेली शीट दाखव.

शीट नेटकी होती. ओळीत वार, रकान्यात मासळी, आणि उभी-आडवी बेरीज किलोला किलो जुळत होती. तरी सेक्रेटरींनी २७० किलोंचा फरक दाखवून ती परत धाडली होती. गोम इथेच होती. दोन्ही बेरजा तिने टाकलेल्या त्याच आकड्यांच्या. वहीतला आकडा उतरवतानाच चुकला, तर तो दोन्हीकडे सारखाच चुकीचा धरला जातो. अशी बेरीज तीनदा करा नाहीतर तीसदा, जुळणारच. तिच्या मनाला खात्री पटत नव्हती, ते खरं तर बरोबरच होतं.

वहीत प्रत्येक दिवसाखाली लिलाववाल्याने स्वतः केलेली बेरीज असते. ती आम्ही वेगळ्या रकान्यात टाकली आणि तिच्यातून शीटची बेरीज वजा केली:

```
=I2-H2
```

सहा वारांपुढे शून्य आलं, गुरुवारपुढे २७०. आता जुन्या मुनीमांची युक्ती: फरकाला ९ ने भाग गेला, तर शेजारचे दोन अंक उलटे पडल्याचा संशय घ्यायचा. २७० म्हणजे ९० गुणिले ३, म्हणून शतक आणि दशक यांच्या अंकांत ३ चा फरक असलेला आकडा शोधायचा. गुरुवारी तसा एकच होता, बांगडा ५८०. फोटो मोठा करून पाहिला, तर ८५०. दोन मिनिटं लागली. अर्थात ९ चा भाग हा नुसता इशारा. ४५ चे ४५० झाले तरी भाग जातोच. आणि सुरमईचं वजन बांगड्याच्या रकान्यात पडलं, तर दिवसाची बेरीज काहीच बोलत नाही.

उरला उशीर. बर्फाच्या पावत्या रात्री दहापर्यंत येत राहायच्या. तिने सेक्रेटरींना विचारून ठरवलं: रविवारी आठनंतरची पावती पुढच्या आठवड्यात, तसा शेरा मारून. आणि सोमवारी साडेदहापर्यंत फरक सापडला नाही, तर तो आकडा शेऱ्यात लिहून रिपोर्ट वेळेत पाठवायचा. हे विचारायलाच ती सगळ्यात जास्त घाबरत होती. सेक्रेटरी म्हणाले, “मग आधीच का नाही सांगितलंस?”

परवा आली तेव्हा म्हणाली, झोपण्याआधी शीट अजून एकदा उघडतेच. काय बघतेस, विचारलं.

“सात शून्यं,” म्हणाली, आणि हसली.