सोडलेला चेंडू आणि फेकलेला चेंडू: गाठ कधी, कुठे?

प्रश्न: ६० मीटर उंचीवरून चेंडू अ नुसता सोडला. त्याच क्षणी बरोबर त्याच्या खालून, जमिनीवरून, चेंडू ब २० मी/से वेगाने सरळ वर फेकला. g = १० मी/से² घेऊन मला १.६५ सेकंद मिळतात, पुस्तकात ३ आहेत. माझं कुठे चुकतंय?

चिन्हात. १.६५ हा आकडाच ते सांगतो. तुम्ही ब साठी 20t + 5t² लिहिलं असणार, म्हणजे गुरुत्वाकर्षण त्याला वर ढकलतंय असं धरलं. मग वर्गसमीकरण तयार होतं आणि त्यातून १.६५ निघतात.

जमीन शून्य, वरची दिशा धन, असं एकदा ठरवा आणि दोन्ही चेंडूंची उंची त्याच मोजपट्टीने लिहा:

अ ची उंची: 60 − 5t²
ब ची उंची: 20t − 5t²

भेटीच्या क्षणी दोन्ही उंची सारख्या असतात. समीकरण मांडलं की 5t² दोन्हीकडून जातो, उरतं 60 = 20t, म्हणून t = 3. आता ही वेळ दोन्ही सूत्रांत घालून पाहा: 60 − 45 = 15 आणि 60 − 45 = 15. गाठ जमिनीपासून १५ मीटरवर पडते.

तुमच्या उत्तराचा ताळा घेतला असता तर चूक लगेच दिसली असती. १.६५ सेकंदांनी अ सुमारे ४६ मीटरवर असतो, आणि २० मी/से वेगाने फेकलेला ब जास्तीत जास्त u²/2g, म्हणजे २० मीटरपर्यंतच चढतो. एकाच वेळी सुरुवात झालेल्या या गणितात t² शेवटपर्यंत उरला, तर पुढे न जाता आधी चिन्हं तपासा.

प्रश्न: म्हणजे वेळ फक्त h/u? त्यात g येतच नाही, हे मनाला पटत नाही.

घटकाभर गुरुत्वाकर्षण नाहीच असं समजा. अ सोडला तरी ६० मीटरवर जागच्या जागी राहील आणि ब दर सेकंदाला २० मीटर चढत ३ सेकंदांत त्याला जाऊन भिडेल. आता गुरुत्वाकर्षण परत आणा. त्या ३ सेकंदांत ते दोघांनाही, होते तिथून, सारखंच ४५ मीटर खाली आणतं. दोघं एकाच मापाने खाली सरकले, तर त्यांच्यातलं अंतर कसं बदलणार? ते २० मी/से या ठरावीक दरानेच मिटत जातं.

g ठरवतो ती गाठीची जागा. g ९.८ घेतला तर उंची १५.९ मीटर येते. चंद्रावर g सुमारे १.६ आहे, तिथे हीच गाठ ५२.८ मीटरवर पडेल. वेळ मात्र तिन्हीकडे ३ सेकंदच.

प्रश्न: भेटताना ब चढत असतो की उतरत?

इथे उतरत असतो. ३ सेकंदांनी त्याचा वेग 20 − 30 = −10 मी/से. तो २ सेकंदांनाच माथ्यावर पोहोचून परत फिरला आहे, आणि ३० मी/से वेगाने येणारा अ त्याला वरून गाठतो. ‘भेट म्हणजे ब चा वेग शून्य’ असं धरून सोडवणारे इथेच फसतात. तसं फक्त u² = gh असताना घडतं. आपल्या उंचीला तो वेग सुमारे २४.५ मी/से, आणि तेव्हा गाठ बरोबर निम्म्यावर, ३० मीटरवर पडते. त्याहून जोरात फेकला तर ब चढतानाच भेटतो: ३० मी/से दिला तर २ सेकंदांनी, ४० मीटरवर.

प्रश्न: ब ला १५ मी/से दिले तर वेळ ४ सेकंद येते, पण उंची −२०. गणित चुकलं का?

नाही, गणित बरोबर आहे. चेंडूंना मात्र तेवढी हवा मिळत नाही. ब ३ सेकंदांत जमिनीवर परत येतो, अ सुमारे ३.४६ सेकंदांनी आपटतो, गाठ पडतच नाही. जमिनीच्या जागी खोल खड्डा असता, तर ती २० मीटर खाली पडली असती. सूत्राला जमीन माहीत नसते, म्हणून h/u काढून थांबू नका, उंचीही काढा. हवेत गाठ पडायला u हा √(gh/2) पेक्षा जास्त लागतो, इथे सुमारे १७.३ मी/से. बरोबर तेवढाच असेल, तर दोघं एकाच क्षणी जमिनीला टेकतात.

प्रश्न: खऱ्या हवेत हेच उत्तर येईल का?

चेंडू अगदी एकसारखे असले तरी थोडा उशीर होईल. हवेचा विरोध वेगावर अवलंबून असतो, म्हणून तो g सारखा दोन्हीकडून कटत नाही. ब चढत असताना हवा त्याला खाली आणि अ ला वर रेटते. ब उतरू लागला की दोघांनाही वर रेटते, पण जास्त वेगाच्या अ ला अधिक. दोन्ही टप्प्यांत जवळ येण्याचा दर २० मी/से पेक्षा कमी होत जातो, म्हणून ३ सेकंद ही वेळ मागे पडते. चेंडू जितका हलका आणि मोठा, तितका हा फरक जास्त.