मोदकाचा व्हिडिओ ३ मिनिटांवर का गळतो?

प्रश्न: उकडीच्या मोदकांचा माझा ९ मिनिटांचा व्हिडिओ आहे. रिटेन्शनच्या आलेखात ०:३० ला ६८ टक्के, ३:०० ला ५८, ३:४५ ला ४१ आणि ८:३० ला २८ टक्के दिसतात. ३ मिनिटांवर सारण होतं, मग तांदूळ कोणता घ्यायचा आणि पिठी कशी करायची ते सांगते आणि त्यानंतर उकड दाखवते. मधला भाग कसा बदलू?

उत्तर: आधी नुसत्या टक्क्यांऐवजी, त्या क्षणी बघत असलेल्यांपैकी किती गेले ते काढा. ५८ वरून ४१ म्हणजे ५८ मधले १७ गेले, जवळजवळ ३० टक्के, आणि तेही ४५ सेकंदांत. पुढच्या पावणेपाच मिनिटांत ४१ चे २८ झाले, म्हणजे साधारण ३२ टक्के. जितकी गळती पुढच्या सगळ्या व्हिडिओत झाली, जवळपास तितकीच या एका तुकड्यात झाली आहे. त्यामुळे सुरुवातीला आणि शेवटाला हात लावायची गरज नाही.

आता घसरणीचा आकार बघा. YouTube Studio मध्ये त्या व्हिडिओच्या Analytics मध्ये आलेख उघडा आणि ३:०० ते ४:३० एवढाच भाग नीट न्याहाळा. रेघ खाली जाऊन थोड्या वेळात पुन्हा वर आली असेल, तर लोक तेवढा भाग ओलांडून पुढे गेले आणि थेट उकडीवर थांबले. रेघ खाली उतरली आणि खालच्या पातळीवरच चालू राहिली, तर ते व्हिडिओ सोडून गेले. पहिल्या प्रकारात मजकूर चुकीच्या जागी असतो आणि काढला की भागतं. दुसऱ्या प्रकारात पुढे काय मिळणार आहे हेच प्रेक्षकाला कळलेलं नसतं, म्हणून नुसतं कापून पुरत नाही. ३:४५ नंतर रेघ वर आलेली नसेल, तर तुमचं दुखणं दुसऱ्या प्रकारचं आहे.

घसरण जिथे दिसते त्याच्या १०-१५ सेकंद आधीची वाक्यंही वाचा, कारण सोडून जायचं निमित्त बहुधा तिथेच मिळतं. स्क्रिप्टचा कागद घ्या आणि २:४५ ते ३:४५ मधल्या प्रत्येक वाक्यासमोर लिहा: आत्ता बघणाऱ्याला काय हवंय? ३:०० ला सारण झालं, म्हणजे त्याचा एक प्रश्न संपला आणि नवा प्रश्न अजून उभाच राहिला नाही. त्यातच तांदळाची माहिती आली. पण जिच्या डब्यात तयार पिठी आहे, तिला आंबेमोहोर की बासमती हे त्या क्षणी नको असतं. तिला धास्ती असते ती मोदक फुटण्याची.

म्हणून तो धागा सारण संपण्याआधीच बांधा. "आपलं सारण तयार आहे. आता वळूया पिठीकडे" याऐवजी, सारण ढवळत असतानाच:

"सारण गार व्हायला ठेवलं की लगेच उकड काढायची. वाफवताना मोदक फुटतो तो बहुतेक वेळा उकडीमुळेच. ही बघा, या पारीची कडा चिरली आहे आणि ही गुळगुळीत आहे. फरक फक्त मळण्याचा."

इथे दोन्ही पाऱ्या जवळून, ३-४ सेकंद दाखवा. मग लगेच पाणी उकळताना दिसू द्या: एक वाटी पिठीला साधारण एक वाटी पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. पिठीची गोष्ट इथे एकाच वाक्यात येते: "पिठी जुन्या तांदळाची असेल तर पाणी जरा जास्त लागतं." हीच माहिती पाण्याच्या मापाशी आली की कामाची वाटते. पिठी घरी करायची सविस्तर कृती वर्णनात लिहा किंवा वेगळा व्हिडिओ करा, ती शोधणारे लोक वेगळे असतात.

बोलताना सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे तुमचा ४५ सेकंदांचा तुकडा ९० शब्दांच्या आसपास असणार. नवा तुकडा त्याच्या निम्म्यात बसवा आणि प्रत्येक वाक्याखाली पडद्यावर काय हलतंय ते लिहा. ज्या वाक्याखाली फक्त तुमचा चेहरा येतो, ते बहुधा उडवता येतं.

एक सावधगिरी: नवे आणि परत येणारे प्रेक्षक वेगळे करून आलेख बघा. नवेच जात असतील तर वर सांगितलेला बदल पुरेसा आहे. नेहमीचेही जात असतील, तर तांदळाबद्दल तुम्ही आधीच्या एखाद्या व्हिडिओत हेच बोललात का ते तपासा. आणि व्ह्यूज शे-दोनशेच असतील तर थांबा, तेवढ्यात चार-पाच माणसांनीही रेघ हलते.

चढवलेल्या व्हिडिओत नवं चित्रण घालता येत नाही, पण Studio च्या Editor मधून ३:०५ ते ३:४० कापता येतं. लिंक, व्ह्यूज आणि कमेंट तशाच राहतात. कापण्याआधी त्या भागातलं एखादं वाक्य पुढे "मघाशी म्हटल्याप्रमाणे" म्हणून आलंय का ते ऐका, आणि नंतर वर्णनातल्या ३:४० पुढच्या वेळा ३५ सेकंदांनी मागे आणा, नाहीतर "उकड" वर टिचकी मारणारा थेट मळण्याच्या मध्यात पडेल.